हाल्विंगचं कॅलेंडर आणि आठवड्याची कॅण्डल

६ ऑक्टोबर २०२५ रोजी बिटकॉइनने १,२६,००० डॉलरच्या आसपास नवा उच्चांक गाठला. त्या दिवशी चौथ्या हाल्विंगला ५३४ दिवस झाले होते. आधीच्या दोन हाल्विंगनंतर माथा आला होता तो ५२६व्या आणि ५४८व्या दिवशी. पुढच्या दीड महिन्यात भाव ८०,५०० डॉलरपर्यंत घसरला. ‘आता ईटीएफ आले, चार वर्षांचं चक्र संपलं’ असं ठासून सांगणारे गप्प झाले आणि चक्रवाल्यांनी लगेच पुढची तारीखही काढून ठेवली: तळ ऑक्टोबर २०२६च्या सुमारास.

दिवसांचा हिशेब इतका चोख जमत असेल, तर आठवडाभर चार्टवर रेषा मारत बसायचं कशाला, असं कुणालाही वाटेल. हा लेख त्याच प्रश्नापुरता आहे. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना ते तपासता येईल. हाल्विंगच्या कॅलेंडरला ‘किती’ घ्यायचं, ‘किती’ विकायचं यात मत द्यावं. ‘केव्हा’ यात देऊ नये. आणि ‘कुठल्या भावाला’ यात तर मुळीच नाही.

आधी हाल्विंग म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात. बिटकॉइनचा नवा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी जोडला जातो आणि तो जोडणाऱ्या मायनरला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. दर २,१०,००० ब्लॉकनंतर हे बक्षीस निम्मं होतं. २८ नोव्हेंबर २०१२ला ते ५० वरून २५ झालं, ९ जुलै २०१६ला साडेबारा, ११ मे २०२०ला सव्वासहा आणि २० एप्रिल २०२४ला ३.१२५. मोजमाप ब्लॉकचं आहे, वर्षांचं नाही. मायनिंगची ताकद वाढत गेली की ब्लॉक दहा मिनिटांच्या थोडे आधीच येतात, म्हणून पहिल्या दोन हाल्विंगमधलं अंतर जेमतेम तीन वर्षं साडेसात महिने होतं. ‘चार वर्षं’ हा सोयीचा आकडा आहे.

या चौकटीत लोक चार टप्पे पाडतात. हाल्विंगनंतरचं पहिलं वर्ष सावकाश चढणीचं. बाराव्या ते अठराव्या महिन्यात तेजी तापते आणि माथा येतो. त्यानंतर साधारण वर्षभर घसरण. मग तळापासून पुढच्या हाल्विंगपर्यंत दीडेक वर्ष सावरण्याचं. नुसतं तारखांकडे पाहिलं तर ही चौकट पोकळ नाही, हे कबूल करायला हवं. जानेवारी २०१५च्या तळापासून डिसेंबर २०१७च्या माथ्यापर्यंत १,०६८ दिवस लागले. डिसेंबर २०१८च्या तळापासून नोव्हेंबर २०२१च्या माथ्यापर्यंत १,०६१ दिवस. नोव्हेंबर २०२२च्या तळापासून ऑक्टोबर २०२५च्या माथ्यापर्यंत १,०५०. इतकं साम्य पाहून थक्क व्हायला होतं. मीही झालो.

आता हेच साम्य दुसऱ्या बाजूने पाहू. समजा आपण मे २०२१मध्ये आहोत. तिसरं हाल्विंग होऊन वर्ष झालंय, आणि कॅलेंडर म्हणून आपल्या हातात दोनच जुने दाखले आहेत. पहिल्या वेळी माथा ३६७व्या दिवशी आला, दुसऱ्या वेळी ५२६व्या. म्हणजे माथ्याची ‘खिडकी’ निघते १३ मे ते १९ ऑक्टोबर २०२१. पाच महिन्यांची. १३ मेला भाव पन्नास हजार डॉलरच्या आसपास होता, कारण एप्रिलच्या मध्यावर तो ६४,८०० पर्यंत जाऊन परतला होता. नंतर चीनने मायनिंगवर टाच आणली आणि जून-जुलैत भाव २९,००० पर्यंत आला. ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा ६४,००० वर होता, आणि शेवटचा उच्चांक, ६९,०००, आला १० नोव्हेंबरला. म्हणजे खिडकी बंद झाल्यावर.

या पाच महिन्यांत कॅलेंडर पाळणाऱ्याने काय करायचं होतं? जुलैमध्ये २९,००० ला ‘२०१३सारखा माथा होऊन गेला’ म्हणणारा आणि ‘२०१७प्रमाणे अजून तीन महिने आहेत’ म्हणणारा, दोघेही त्याच कॅलेंडरवर बोट ठेवून बोलत होते. पहिल्याने तळाशी विकलं, दुसऱ्याने धरून ठेवलं. कॅलेंडर दोघांचंही होतं. आज आपण ३६७ हा आकडा ‘सुरुवातीच्या काळातला अपवाद’ म्हणून बाजूला ठेवतो आणि ५२६, ५४८, ५३४ एका ओळीत मांडतो, म्हणून ती रांग इतकी देखणी दिसते. खिडकी अरुंद झाली ती घटना घडून गेल्यावर. शिवाय कुठला उच्चांक ‘माथा’ म्हणून धरायचा हेही आपण नंतरच ठरवतो. एप्रिल २०२१ धरला तर तिसऱ्या चक्राचा आकडा ३३८ येतो आणि सगळी रांग विस्कटते.

दाखले आहेत एकूण चार. त्यातला एक आपणच बाजूला ठेवलाय. उरलेल्या तीन आकड्यांच्या भरवशावर कुणी गावातल्या पतपेढीतसुद्धा पैसे ठेवणार नाही.

हाल्विंगच किंमत वर नेतं, हे तरी पक्कं आहे का? पहिल्या हाल्विंगपूर्वी रोज ७,२०० नवी नाणी बाजारात येत होती, नंतर ३,६०० येऊ लागली. तेव्हा एकूण नाणी फक्त १ कोटी ५ लाख होती. त्यामुळे हाल्विंगनंतरही वर्षाला साधारण साडेबारा टक्के पुरवठा वाढतच होता, आणि एवढ्या मोठ्या ओघात निम्म्याने घट होणं म्हणजे खरंच धक्का होता. चौथ्या हाल्विंगला रोजची नाणी ९०० वरून ४५० वर आली, पण तोवर १ कोटी ९७ लाख नाणी आधीच बाजारात होती. पुरवठ्याची वार्षिक वाढ पावणेदोन टक्क्यांच्या आसपास होती, ती एका टक्क्याच्या आत आली. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. १२ मार्च २०२४ या एका दिवसात अमेरिकेतल्या स्पॉट ईटीएफमध्ये १ अब्ज डॉलरहून अधिक निव्वळ पैसा आला. त्या वेळच्या भावाने ती १४ हजारांहून जास्त नाणी झाली, म्हणजे तेव्हाच्या पंधरा-सोळा दिवसांच्या उत्पादनाइतकी. पुरवठ्याची बाजू लहान होत चालली आहे, मागणीची मोठी. त्यामुळेच चौथ्या हाल्विंगच्या आधीच, १४ मार्च २०२४ला, भाव जुना उच्चांक ओलांडून ७३,७०० पर्यंत गेला. असं आधी कधीच झालं नव्हतं, आणि चक्राच्या तक्त्यात त्याला जागाही नव्हती.

लाइटकॉइनचा दाखला यापेक्षा बोलका आहे. तिथेही हाल्विंग होतं, पण तारखा वेगळ्या: ऑगस्ट २०१५, ऑगस्ट २०१९, ऑगस्ट २०२३. पुरवठा निम्मा झाला की दीड वर्षाने माथा येतो, हा नियम खरा असता तर लाइटकॉइनचे माथे बिटकॉइनच्या माथ्यांपेक्षा वेगळ्या वेळी दिसायला हवे होते. २०१९च्या हाल्विंगआधी, जूनमध्ये, लाइटकॉइन १४० डॉलरच्या वर गेलं, आणि हाल्विंग झाल्यावर वर्षअखेर चाळीसच्या आसपास आलं. त्याचे मोठे माथे आले डिसेंबर २०१७ आणि मे २०२१मध्ये, बिटकॉइनच्या तेजीच्या जोडीने. स्वतःच्या हाल्विंगशी त्याची लय जुळत नाही, बिटकॉइनच्या बाजारभावनेशी जुळते.

मग चार वर्षांची लय येते कुठून? दोन गोष्टी उघड आहेत. २०१२, २०१६, २०२०, २०२४ ही चारही हाल्विंगची वर्षं अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीची वर्षं आहेत. आणि डॉलरच्या स्वस्ताई-महागाईचे टप्पेही काही वेळा याच वेळापत्रकात येऊन बसले. २०२०-२१मध्ये अमेरिकी फेडरल रिझर्व्हने व्याजदर शून्याजवळ ठेवले होते. नोव्हेंबर २०२१मध्ये त्यांनी रोखेखरेदी कमी करायला सुरुवात केली, मार्च २०२२पासून दर वाढवले, आणि बिटकॉइनचा माथा नेमका नोव्हेंबर २०२१चा आहे. त्यात भर म्हणजे लाखो लोक तेच कॅलेंडर बघून वागतात. २०२५च्या शरदात ज्यांनी ‘आता विकायची वेळ’ म्हणून विकलं, त्यांनीही ती वेळ खरी करायला हातभार लावला. कारण कुठलंही असो, लय आहे. फक्त तिचं कारण हाल्विंगच्या कोडमध्ये कोरलेलं नाही, आणि जे लोकांच्या वागण्यातून तयार होतं ते लोकांच्या वागण्यानेच मोडू शकतं.

मृग लागलं म्हणून कोणी पेरत नाही, जमिनीत किती बोटं ओल उतरली ते बघून पेरतात. पण मृग लागलं की बियाणं मात्र घरात आणून ठेवतात. चार्ट म्हणजे ती ओल, आणि चक्राला मी बियाणं आणण्यापुरतीच जागा देतो.

आता चार्टकडे. भारतीय एक्स्चेंजवरचा रुपयातला चार्ट विश्लेषणाला घेऊ नका. त्यात डॉलर-रुपयाचा दर आणि स्थानिक चढा-उतरा फरक मिसळलेला असतो. `BTCUSD` घ्या, कालावधी `1W` ठेवा आणि किमतीचा अक्ष लॉग करा (ट्रेडिंगव्ह्यूवर `Alt + L`). साध्या अक्षावर २०१७चा संपूर्ण डोंगर एका टेकाडाएवढा दिसतो आणि ताजी हालचाल उगाच प्रचंड वाटते. त्यावर साध्या सरासरीच्या दोन रेषा टाका, ५० आठवड्यांची आणि २०० आठवड्यांची. यापेक्षा जास्त काही टाकू नका. ‘पाय सायकल टॉप’ नावाचा एक निर्देशक २०१३ आणि २०१७च्या माथ्यावर, तसंच एप्रिल २०२१मध्ये, दोन-चार दिवसांच्या फरकाने वाजला होता. तेवढ्यावर अनेकांनी त्याला देव मानलं. नोव्हेंबर २०२१च्या खऱ्या माथ्याला तो वाजला नाही, २०२५मध्येही नाही. जुन्या मोजक्या घटनांवर बेतून बसवलेला निर्देशक पुढच्या घटनांना गप्प बसला, तर त्यात नवल नाही.

एक व्यावहारिक गोष्ट बरेच जण विसरतात. आठवड्याची कॅण्डल आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला बंद होते. रविवारी रात्री अकराला भाव रेषेखाली दिसला म्हणून विकणं म्हणजे न संपलेल्या सामन्याचा निकाल लावणं आहे. ४ नोव्हेंबर २०२५ला भाव ९९,००० च्या खाली जाऊन आला होता, ५० आठवड्यांच्या रेषेच्या बराच खाली. पण त्या आठवड्याचा बंद भाव १,०४,००० च्या वर, रेषेच्या वरच राहिला. इशारा आला तो पुढच्या आठवड्याला.

५० आठवड्यांच्या रेषेखाली आठवड्याचा बंद भाव, हा माझा ‘केव्हा’. ही रेषा उशिरा सांगते, हे लपवत नाही. २०१८मध्ये ती ठामपणे सुटली तेव्हा माथ्यापासून साठ टक्क्यांहून जास्त घसरण होऊन गेली होती. जानेवारी २०२२मध्ये भाव ४२,००० जवळ आला तेव्हा चाळीसेक टक्के गेले होते. नोव्हेंबर २०२५मध्ये चोवीस-पंचवीस. चढण मंदावत गेली तशी रेषा भावाच्या जवळ राहू लागली आणि तिचा उशीर कमी महाग पडू लागला. खोटे इशारेही येतात. मार्च २०२०च्या कोसळण्यात भाव तिच्या खूप खाली गेला आणि साधारण दोन महिन्यांत परत वर आला. जुलै २०२१मध्ये तर भाव रेषेला जवळजवळ चिकटून होता. त्या आठवड्यांत फक्त रेषेकडे बघणाऱ्याला स्पष्ट उत्तर मिळालं नसतं.

कॅलेंडर नेमकं इथे कामाला येतं. तोच इशारा चक्राच्या कुठल्या टप्प्यात आला यावर मी विकण्याचं माप बदलतो. हाल्विंगला बारा महिने उलटून गेले असतील, म्हणजे तेजी तापण्याचा काळ चालू असेल, तर पहिल्याच बंद भावाला निम्मी पोझिशन काढतो. हाल्विंगनंतरचं पहिलं वर्ष असेल किंवा पुढच्या हाल्विंगआधीचा सावरण्याचा काळ असेल, तर फक्त पाव भाग. महिनाभरात रेषा परत मिळाली नाही तर आणखी पाव. कुठल्याही स्थितीत केवळ या इशाऱ्यावर निम्म्याहून जास्त नाही. मार्च २०२०मध्ये हा नियम पाळणाऱ्याचंही नुकसान झालं असतं. पाव-अर्धा भाग स्वस्तात विकला गेला असता आणि महागात परत घ्यावा लागला असता. पण उरलेला निम्मा हातात राहिला असता.

खरेदीत कॅलेंडरचं काम याहून लहान आहे. बाराव्या महिन्यानंतर नवी खरेदी निम्म्यावर आणायची, आणि उधारीवरचा व्यवहार, म्हणजे लिव्हरेज, शून्य. बस. ‘अजून सहा महिने आहेत’ हे कारण देऊन स्टॉप लॉस काढून टाकायचा नाही. चक्राचा सगळ्यात वाईट वापर हाच आहे आणि तोच सर्वाधिक दिसतो. भाव रेषा मोडतो, माणूस चार्टवरची रेषा पुसून थोडी खाली आखतो, कारण कॅलेंडरप्रमाणे ‘माथा अजून यायचाय’.

आता नोव्हेंबर २०२५ पूर्ण चालवून बघू. समजा तुमच्याकडे ०.१ बिटकॉइन आहे, २०२३मध्ये साधारण ३० लाख रुपये प्रतिनाणं या भावाने घेतलेलं. ६ ऑक्टोबरला त्याची किंमत ११ लाखांच्या आसपास होती. हाल्विंगला अठरा महिने होत आले होते, म्हणजे कॅलेंडर तापलेलं. म्हणून नवी खरेदी निम्म्यावरच. चार्टवर भाव रेषेच्या बराच वर होता, म्हणून विक्रीही नाही. १० ऑक्टोबरला एका रात्रीत लाखो लिव्हरेज पोझिशन उडाल्या. आपल्याकडे लिव्हरेज नव्हतं, आणि त्या आठवड्याचा बंद भावही रेषेच्या वर होता. १७ नोव्हेंबरच्या सोमवारी पहाटे कॅण्डल बंद झाली ती ९४,००० च्या आसपास, रेषा होती १,०२,०००-१,०३,००० दरम्यान. हाल्विंगला बारा महिने केव्हाच उलटलेले, इशारा स्पष्ट. म्हणून निम्मं, ०.०५, विकलं. रुपयांत साधारण ४ लाख १५ हजार आले.

फक्त कॅलेंडर पाळणाऱ्याला यापेक्षा चांगला भाव मिळाला असता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ५२६ ते ५४८ दिवसांची खिडकी २८ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर अशी निघत होती, आणि तिच्या दोन्ही टोकांना भाव १,१०,००० च्या वर किंवा आसपास होता. म्हणजे प्रतिनाणं पंधरा-सतरा हजार डॉलर जास्त. २०२५ हे वर्ष कॅलेंडरने जिंकलं. पण त्याच कॅलेंडरने २०२१मध्ये पाच महिन्यांची खिडकी दिली होती, आणि पुढच्या वेळी यांपैकी कुठलं रूप समोर येईल हे आज कोणाला ठाऊक आहे? मी जो जास्तीचा नफा सोडतो ती या अनिश्चिततेची किंमत आहे, आणि मला ती रास्त वाटते.

विकल्यावर एक हिशेब भारतीय माणसाला टाळता येत नाही. आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे, म्हणजे ३१.२ टक्के. विक्रीच्या वेळी १ टक्का टीडीएस कापला जातो, तो पुढे करात वळता होतो. वरच्या उदाहरणात ०.०५ ची खरेदी दीड लाखाची, विक्री ४.१५ लाखांची, नफा २.६५ लाख. कर सुमारे ८२,७००. हातात उरले ३ लाख ३२ हजार. या पैशात तेवढंच ०.०५ परत घ्यायचं तर एका नाण्याचा भाव ८३ लाखांवरून साडेसहासष्ट लाखांपर्यंत यायला हवा. वीस टक्के घसरण फक्त कर भरून काढण्यात जाते. नव्या खरेदीचा भाव जास्त असल्याने पुढचा कर कमी होतो, हे खरं, पण आज हातात नाणी कमीच येतात. ज्याला घसरण पन्नास टक्क्यांची वाटते त्याला हे परवडेल. पंधरा टक्क्यांच्या चढउतारावर चक्राच्या नावाखाली आत-बाहेर करणाऱ्याला परवडणार नाही.

आणखी कडू गोष्ट तोट्याची. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. समजा वर्षभरात एका सौद्यात एक लाख कमावले आणि दुसऱ्यात ऐंशी हजार गमावले. खिशात आले वीस हजार, कर भरायचा ३१,२००. म्हणजे नफ्याचं वर्ष घरचे ११,२०० घालून बंद झालं. अमेरिकेतल्या चार्टवाल्यांचे वारंवार व्यवहारांचे नियम इथे तसेच उचलता येत नाहीत, ते याच कारणाने. वर्षात एक-दोनच निर्णय देणारी मंद रेषा मी निवडली, यात या कराचा मोठा वाटा आहे.

आता भावाच्या लक्ष्याबद्दल. हाल्विंगच्या दिवसापासून माथ्यापर्यंत पहिल्या वेळी भाव नव्वद-पंच्याण्णव पट झाला, दुसऱ्या वेळी तीस पट, तिसऱ्या वेळी आठ पट, चौथ्या वेळी जेमतेम दोन पट. तारखा जुळल्या, आकडे कधीच जुळले नाहीत. ‘मागच्या चक्राप्रमाणे’ म्हणून काढलेलं कुठलंही लक्ष्य सरळ सोडून द्या. पुरवठ्याच्या टंचाईवर बेतलेल्या प्रसिद्ध ‘स्टॉक-टू-फ्लो’ मॉडेलच्या भरवशावर डिसेंबर २०२१मध्ये लाख डॉलरची वाट बघत बसलेले लोक आजही सापडतील. त्या महिन्यात भाव पन्नास हजारांच्या खाली आला होता.

राहिली पुढची तारीख. मागच्या तीन घसरणी माथ्यापासून ४१०, ३६३ आणि ३७६ दिवस चालल्या. ६ ऑक्टोबर २०२५पासून मोजलं तर तळाची खिडकी ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून २० नोव्हेंबर २०२६पर्यंत निघते. त्या घसरणी ८५, ८४ आणि ७७ टक्क्यांच्या होत्या, पण मागच्या परिच्छेदातलं लक्षात ठेवून ही टक्केवारी पुढे ओढू नका. खिडकीचा उपयोग एवढाच: तोवर हप्ता लहान ठेवायचा, आणि त्या काळात दर सोमवारी चार्ट लक्ष देऊन बघायचा.

बघायचं काय, ते २०१८-१९ चांगलं दाखवतं. नोव्हेंबर २०१८मध्ये सहा हजारांचा आधार तुटला, डिसेंबरच्या मध्यावर भाव ३,२०० च्या आसपास आला, तोही २०० आठवड्यांच्या रेषेजवळ. मग साडेतीन महिने तो ३,२०० ते ४,२०० मध्ये रेंगाळला. ना बातम्या, ना उत्साह. २ एप्रिल २०१९ला एका दिवसात तो त्या पट्ट्यातून उसळून पाच हजारांच्या जवळ गेला. पट्टा फुटल्यावर घेणाऱ्याला तळाच्या दीडपट किंमत मोजावी लागली, पण दीडच महिन्यात, मेच्या मध्यावर, भाव ८,००० च्या आसपास होता. उलट, ‘२०० आठवड्यांची रेषा कधी तुटत नाही’ या समजुतीवर जून २०२२मध्ये बावीस हजारांना सगळा पैसा लावणाऱ्यांनी नोव्हेंबरमध्ये साडेपंधरा हजार पाहिले. भाव तेव्हा आठवडेच्या आठवडे त्या रेषेच्या खाली राहिला, इतिहासात पहिल्यांदाच. म्हणून रेषेला टेकल्यावर पहिला हप्ता, काही महिन्यांचा अरुंद पट्टा वरच्या बाजूला फुटून आठवड्याचा बंद भाव वर राहिला की दुसरा, आणि ५० आठवड्यांची रेषा परत मिळाली की तिसरा. खिडकी उलटून गेली आणि यातलं काहीच घडलं नाही, तर तारीख चुकली असं समजा आणि चार्टची वाट बघा. खिडकीच्या आधीच हे सगळं घडलं, तरीही तेच.

पुढचं हाल्विंग १०,५०,०००व्या ब्लॉकला, २०२८मध्ये आहे. त्या दिवशी रोजची नवी नाणी ४५० वरून २२५ होतील. तोवर बाजारात एवढी नाणी असतील की पुरवठ्याच्या हिशेबात हा फरक नगण्य असेल. तेव्हा कॅलेंडरचं वजन आणखी कमी करा.